आवक आणि साठा: कॅल्क्युलसच्या मूलभूत प्रमेयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे आणि इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. पाठ्यपुस्तकात विकलज, प्रतिविकलज, संकलन असे शब्द असतात. वर्गात मात्र सगळे डेरिव्हेटिव्ह, अँटिडेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो. चित्र एकच आहे: पावसाळ्यातलं धरण. पेपरात रोज दोन आकडे येतात, आवक क्युसेकमध्ये आणि साठा टीएमसीमध्ये. या दोन आकड्यांचं नातं ज्याला कळलं, त्याला प्रमेय निम्म्याहून जास्त कळलं.

१. सूत्र नको. हे प्रमेय म्हणतं तरी काय?

आवक म्हणजे पाणी येण्याचा वेग, साठा म्हणजे आजवर जमलेलं पाणी. आवकेवरून साठा काढायचा तर थेंब थेंब बेरीज करावी लागते. हे इंटिग्रेशन, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. साठ्यावरून आवक काढायची तर साठा किती झपाट्याने बदलतोय ते बघावं लागतं. हे डिफरन्सिएशन, म्हणजे आलेखाचा चढ. प्रमेय म्हणतं की ही दोन कामं एकमेकांची उलट आहेत.

त्याचे दोन भाग आहेत. पहिला: आवकेची बेरीज करून साठा काढा, मग त्या साठ्याच्या बदलाचा वेग काढा, तर मूळ आवक परत मिळते (प्रश्न ३). दुसरा: दिवसभरात एकूण किती पाणी आलं हे कळायला दिवसभर मोजत बसायला नको, अखेरच्या साठ्यातून सुरुवातीचा साठा वजा केला की झालं (प्रश्न ५).

धरणाच्या भाषेत हे इतकं उघड वाटतं की यात प्रमेय कसलं, असा प्रश्न पडतो. गंमत अशी की भूमितीच्या भाषेत ते अजिबात उघड नाही. वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ आणि दुसऱ्याच एखाद्या वक्ररेषेच्या स्पर्शिकेचा चढ यांचा संबंध असेल, असं नुसतं बघून कोणाला वाटणार नाही.

२. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे पाणी, हे कसं? क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये असतं ना?

क्षेत्रफळाचं एकक दोन्ही अक्षांवर काय आहे त्यावर ठरतं. आडव्या अक्षावर सेकंद आणि उभ्या अक्षावर क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला इतके घनफूट, असं असेल तर रुंदी गुणिले उंची करताना सेकंद कटतात आणि घनफूट उरतात.

एक मोजून बघू. आवक तासभर १,००० क्युसेकवर स्थिर आहे. आलेख सपाट, खालचा आकार आयत. तासात ३,६०० सेकंद, म्हणून पाणी ३६ लाख घनफूट. १०० कोटी घनफूट म्हणजे १ टीएमसी. त्या हिशेबाने दिवसात १ टीएमसी जमायला चोवीस तास सुमारे ११,५७४ क्युसेक आवक लागते. हा आकडा लक्षात ठेवला तर पेपरातली बातमी तोंडी पडताळता येते.

३. क्षेत्रफळाचा डेरिव्हेटिव्ह काढला की आलेखाची उंचीच का येते? हेच डोक्यात शिरत नाही.

सगळं प्रमेय इथेच आहे, तेव्हा सावकाश जाऊ.

समजा मध्यरात्री आवक १२ हजार क्युसेक आहे आणि दर तासाला २ हजारांनी वाढत रात्री बारापर्यंत ६० हजारांवर जाते. म्हणजे

f(t) = 12 + 2t

इथे t तासांत आणि f हजार क्युसेकमध्ये. आता आलेखावर डावीकडून उजवीकडे एक पडदा सरकतोय असं डोळ्यांसमोर आणा. t या क्षणापर्यंत पडद्याने जेवढा भाग झाकला ते क्षेत्रफळ A(t). आकार समलंब चौकोन आहे, म्हणून

A(t) = 12t + t²

सकाळी दहा वाजता पडदा २२० एकक क्षेत्रफळ झाकून उभा आहे. (एक एकक म्हणजे हजार क्युसेक एक तास, म्हणजेच ३६ लाख घनफूट.) आता पडदा अगदी थोडा पुढे सरकवा, ०.१ तास, म्हणजे ६ मिनिटं. नवं क्षेत्रफळ २२३.२१. वाढ ३.२१. ती ०.१ ने भागली की ३२.१. आणखी थोडंच सरकवा, ०.०१ तास: वाढ ०.३२०१, भागाकार ३२.०१. आणि दहा वाजताची आवक किती होती? १२ अधिक २०, बरोबर ३२ हजार क्युसेक.

यात जादू नाही. पडदा सरकला तेव्हा नवीन काय झाकलं गेलं? फक्त एक चिंचोळी उभी पट्टी. आधीची २२० एकक जशीच्या तशी आहेत, वजाबाकीत ती निघून गेली. पट्टीची रुंदी h, उंची जवळजवळ ३२, क्षेत्रफळ जवळजवळ ३२ × h. ते h ने भागलं की उंचीच उरणार. क्षेत्रफळ किती वेगाने वाढतंय हे पडद्याची कड त्या क्षणी किती उंच आहे त्यावरच ठरतं. मागे किती पाणी जमलंय याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

एकदा फळ्यावर मी हे चित्र काढलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे रोलरने भिंत रंगवतो तसं." अगदी तसंच. फक्त रोलरची लांबी भिंतीच्या उंचीप्रमाणे बदलत जाते. जिथे भिंत उंच, तिथे एक पाऊल सरकलं की जास्त रंग लागतो.

४. "जवळजवळ ३२" म्हणून कसं चालेल? पट्टी आयत नसते, वर तिरकी असते.

शंका रास्त आहे, आणि तो तिरका तुकडा पकडता येतो. वरच्या उदाहरणात पट्टी म्हणजे ३२ उंचीचा आयत आणि त्याच्या डोक्यावर एक छोटा त्रिकोण. त्रिकोणाचा पाया h, उंची 2h, म्हणून क्षेत्रफळ h². ३२.१ मधला ०.१ आणि ३२.०१ मधला ०.०१ या त्रिकोणातून आला. h ने भागल्यावर आयताचे ३२ टिकतात आणि त्रिकोणाचा फक्त h उरतो, जो h बरोबरच शून्याकडे जातो. चूक लहान आहे एवढ्याने काम भागत नाही. ती रुंदीपेक्षाही झपाट्याने लहान होते, म्हणून भागाकारातून नाहीशी होते.

आलेख वाकडातिकडा असेल तर त्रिकोण मिळणार नाही, पण युक्तिवाद तोच. त्या h वेळात आवकेची सर्वांत कमी किंमत m आणि सर्वांत जास्त M असेल, तर पट्टीचं क्षेत्रफळ m·h आणि M·h यांच्या मध्ये असतं. भागल्यावर भागाकार m आणि M यांच्यात अडकतो. फंक्शन सलग असेल, म्हणजे आवक उडी मारत नसेल, तर h लहान होताना m आणि M दोन्ही f(t) ला येऊन भिडतात आणि मधल्याला पळायला जागा राहत नाही. सलगतेची अट लागते ती इथे. ती मोडली तर काय होतं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

५. दुसऱ्या भागात फक्त F(b) − F(a) करतात. मधलं सगळं कुठे जातं?

मधलं सगळं एकमेकांत कटतं. १ जूनला साठा किती, २ जूनला किती, असं वहीत लिहीत चला. रोजची वाढ म्हणजे आजचा साठा वजा कालचा साठा. महिनाभराच्या वाढी एकाखाली एक मांडून बेरीज केली तर २ जूनचा साठा एकदा अधिक येतो आणि एकदा वजा, ३ जूनचाही तसाच, आणि शेवटी फक्त महिनाअखेरचा साठा वजा १ जूनचा साठा एवढंच उरतं. दिवसांऐवजी तास घ्या, मिनिटं घ्या, कटाकटी तशीच होते.

आता दिवसाच्या प्रत्येक बारीक तुकड्यात साठ्याची वाढ म्हणजे त्या वेळेतल्या कुठल्यातरी क्षणाची आवक गुणिले तुकड्याची रुंदी. म्हणजे एकीकडे पट्ट्यांची बेरीज आहे, जी क्षेत्रफळाकडे जाते, आणि दुसरीकडे कटून उरलेली वजाबाकी आहे. दोन्ही एकच.

प्रश्न ३ मधल्या दिवसाचं उत्तर असं काढू: A(24) = 288 + 576 = 864. ८६४ गुणिले ३६ लाख म्हणजे ३११.०४ कोटी घनफूट, ३.११ टीएमसी. पडताळा सोपा आहे: आवकेची सरासरी ३६ हजार, ती २४ तास, पुन्हा ८६४. सरळ रेषा होती म्हणून सरासरीने भागलं. y = x² घेतलं तर सरासरी आधी माहीत नसते. ० ते १ मध्ये दहा पट्ट्या पाडून बेरीज केली तर उत्तर ०.२८५ आणि ०.३८५ यांच्या मध्ये कुठेतरी आहे एवढंच कळतं. x³/3 चा डेरिव्हेटिव्ह x² आहे हे ज्याला आठवतं, तो एका ओळीत 1/3 लिहून मोकळा होतो.

६. तो +C कशासाठी? आणि निश्चित इंटिग्रलमध्ये तो का लिहीत नाहीत?

नुसत्या आवकेवरून धरणात आधीच किती पाणी होतं हे कळत नाही. ४० टीएमसी असेल, ७० असेल. तो आधीचा साठा म्हणजे C. F(b) − F(a) करताना तो दोन्हीकडे असतो आणि उडतो.

७. ∫ च्या आत t आणि वर x का लिहितात? आणि वर x² आलं की माझं उत्तर नेहमी चुकतं.

x म्हणजे पडद्याची कड आत्ता जिथे आहे ती जागा. t म्हणजे झाकलेल्या भागातला कुठलाही क्षण. दोघांना एकच अक्षर दिलं तर वाक्याचा अर्थच बिघडतो.

वर x² असेल तर पडद्याची कड x या ठिकाणी नसून x² या ठिकाणी आहे, आणि x एका वेगाने सरकला तर कड 2x पट वेगाने सरकते. म्हणून उंची f(x²) गुणिले 2x. विद्यार्थी f(x²) लिहून थांबतात, कडेचा वेग विसरतात. खालच्या टोकालाही x असेल तर दोन पडदे आहेत. मागचा पडदा क्षेत्रफळ उघडं पाडत जातो, त्याचा वाटा वजा करायचा.

८. क्षेत्रफळ ऋण कसं येतं?

सांडव्यातून विसर्ग सुरू झाला आणि तो आवकेपेक्षा जास्त असला, तर निव्वळ आवक ऋण होते आणि साठा घटतो. आलेख अक्षाच्या खाली जातो आणि ते क्षेत्रफळ वजा धरलं जातं. sin x चं ० ते 2π इंटिग्रल शून्य येतं, याचा अर्थ जितकं आलं तितकं गेलं. परीक्षेत "आलेख आणि अक्ष यांमधलं क्षेत्रफळ" विचारलं असेल तर मात्र π पाशी तोडून दोन्ही भाग धन घ्यायचे, उत्तर ४. प्रश्नाचे शब्द नीट वाचा, इथे हमखास गुण जातात.

९. आवकेचं सूत्रच नसेल, नुसते आकडे असतील तर प्रमेय उपयोगाचं आहे का?

आहे, आणि खरं धरण त्यावरच चालतं. पेपरातला आवकेचा आकडा बहुतेक ठिकाणी थेट मोजलेला नसतो. पाण्याची पातळी मोजतात, त्या धरणाच्या पातळी-साठा तक्त्यावरून साठा काढतात, दोन वेळच्या साठ्यांतला फरक वेळेने भागतात आणि त्यात विसर्ग नि बाष्पीभवनासारखे जाणारे वाटे मिळवतात. म्हणजे आवक हा साठ्यावरून काढलेला डेरिव्हेटिव्ह आहे.

इथे एक गोम आहे, जी गणिताच्या तासाला कोणी सांगत नाही. जलाशयाचा पसारा १०० चौरस किलोमीटर धरा. वाऱ्याने किंवा लाटेने पातळी वाचताना १ सेंटीमीटर चूक झाली तर साठ्यात १० लाख घनमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी घनफुटांचा फरक पडतो. दिवसाच्या हिशेबात त्यामुळे आवक सुमारे ४०० क्युसेकने चुकते, चालून जातं. पण तासाच्या हिशेबात तीच चूक जवळपास ९,८०० क्युसेक होते. म्हणून तासागणिक आकड्यांत आवक मध्येच ऋण दिसते आणि नवखा माणूस गोंधळतो. कागदावर h जितका लहान तितका डेरिव्हेटिव्ह अचूक. मोजमापात h फार लहान केला की चूक फुगते. बेरीज करताना उलट घडतं, वरखाली झालेल्या चुका एकमेकींत जिरतात.

१०. हे भास्कराचार्यांना माहीत होतं म्हणतात. खरं काय?

दोन्ही टोकं त्यांच्या हातात होती. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ते ग्रहाची 'तात्कालिक गती' काढतात, म्हणजे दिवसाची सरासरी न घेता त्या क्षणाची गती. तिथे ज्येच्या, म्हणजे आजच्या sin च्या, लहान फरकाचा कोटिज्येशी, म्हणजे cos शी, असलेला संबंध वापरला आहे. दुसरीकडे गोलाच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ ते आवळ्यासारख्या फोडी पाडून बेरजेने काढतात. पुढे केरळात माधव आणि त्याच्या परंपरेने अनंत बेरजा कितीतरी पुढे नेल्या. पण 'कुठल्याही वक्ररेषेसाठी ही दोन कामं एकमेकांची उलट आहेत' असं सर्वसाधारण विधान तिथे मिळत नाही. ते भूमितीच्या रूपात जेम्स ग्रेगरी (१६६८) आणि आयझॅक बॅरो (१६७०) यांच्याकडे दिसतं, न्यूटन आणि लायब्निझ यांनी त्याची हिशेबाची पद्धत केली, आणि सलग फंक्शनसाठी आज ओळखीची वाटणारी सिद्धता कॉशीने १८२३ मध्ये दिली. भास्कराचार्यांचं मोठेपण सिद्ध करायला प्रमेय त्यांच्या नावावर टाकण्याची गरज नाही.

११. दरवाजे एकदम उघडले आणि निव्वळ आवकेने उडी मारली तर?

समजा दुपारी दोनला निव्वळ आवक +३० हजारांवरून −१० हजारांवर आली. साठा उडी मारत नाही, पाणी क्षणात गायब होत नाही. पण साठ्याच्या आलेखाला दोन वाजता टोक येतं: डावीकडून चढ ३०, उजवीकडून −१०. त्या क्षणी डेरिव्हेटिव्हच नाही, त्यामुळे पहिला भाग तिथे लागू होत नाही. बाकी सगळ्या क्षणी होतो.

एकूण पाणी मात्र काढता येतं. दोन वाजता आलेख तोडा, दोन्हीकडचं वेगळं काढा, मिळवा. नेहमीची चूक अशी की दोन तुकड्यांसाठी दोन वेगळे F लिहायचे आणि सरळ शेवटच्या F मधून पहिला F वजा करायचा. दोघांचे C जुळवले नसतील तर दोन वाजता साठ्याने खोटी उडी मारलेली असते आणि ती उत्तरात शिरते.

१२. 1/x² चं −१ ते १ इंटिग्रल −२ आलं. सूत्र तर बरोबर वापरलं!

आधी उत्तराकडे बघा. 1/x² कायम धन आहे, आलेख सगळा अक्षाच्या वर. आवक सतत येतेय आणि साठा घटला? इथेच हात थांबायला हवा. घोळ शून्यापाशी आहे. F = −1/x शून्याच्या डावीकडून वर अनंताकडे जातो आणि उजवीकडे खालच्या अनंतातून उगवतो. प्रश्न ५ मधली कटाकटीची साखळी तिथे तुटते. खरं म्हणजे हे क्षेत्रफळ अनंत आहे, उत्तरच नाही. सूत्रात किंमती टाकण्याआधी छेद मध्ये कुठे शून्य होतो का ते पाहायचं.

१३. सर म्हणाले e^(−x²) चं इंटिग्रेशन होत नाही. मग पहिला भाग खोटा?

खोटा नाही. e^(−x²) सलग आहे, पडदा सरकवला की A(x) तयार होतो, आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह e^(−x²) असतोच. होत नाही ते एवढंच: तो A(x) आपल्या ओळखीच्या बहुपदी, sin, log, e यांच्या जोडणीतून लिहिता येत नाही. साठा आहे, त्याला जुन्या नावांतलं नाव नाही. संख्याशास्त्राच्या पुस्तकामागचे नॉर्मल वितरणाचे तक्ते म्हणजे याच क्षेत्रफळाचे मोजून ठेवलेले आकडे.

१४. आवक जवळजवळ सगळा वेळ शून्य, तरी साठा वाढला, असं होऊ शकतं?

धरणात नाही, गणितात होतं. कँटरने १८८४ मध्ये असं फंक्शन दिलं. चोवीस तासांचा दिवस घ्या. साठा ४० टीएमसीवरून ४१ वर न्यायचा आहे. मधले आठ तास, सकाळी ८ ते दुपारी ४, साठा ४०.५ वर स्थिर ठेवा. उरलेल्या दोन्ही आठ-आठ तासांचे मधले तिसरे भाग घ्या: पहाटे २:४० ते ५:२० साठा ४०.२५ वर स्थिर, संध्याकाळी ६:४० ते रात्री ९:२० ४०.७५ वर. उरलेल्या प्रत्येक तुकड्यात हेच, न थांबता. स्थिर वेळांची बेरीज केली तर ८ अधिक ५ तास २० मिनिटं अधिक पुढचं सगळं, मिळून पूर्ण २४ तास भरतात. त्या सगळ्या वेळात आवक शून्य, म्हणून आवकेखालचं क्षेत्रफळ शून्य. साठ्यात कुठेही उडी नाही. तरी तो १ टीएमसीने वाढला.

ही वाढ उरलेल्या क्षणांत लपली आहे, ज्यांची एकूण लांबी शून्य आहे पण संख्या अमर्याद. F सलग असेल आणि मोजक्या ठिकाणीच डेरिव्हेटिव्ह नसेल तर प्रश्न ५ ची वजाबाकी सुरक्षित राहते, प्रश्न ११ मध्ये आपण तेच केलं. "जवळजवळ सगळीकडे आहे" एवढ्यावर ती राहत नाही. नेमकी कुठली अट पुरते हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेबेगच्या कामातून स्पष्ट झालं: वेळेचे तुकडे कितीही असोत, त्यांची एकूण लांबी पुरेशी लहान केली की त्यांत मिळून झालेला साठ्याचा बदलही हवा तितका लहान व्हायला हवा. कँटरच्या साठ्याला नेमकं हेच जमत नाही.